राजीनाम्यावर सही करण्याआधी: संचालकाचं पद गेलं तर भरपाई कोणाला, किती आणि कधी

वाचकाचं पत्र

आमची घरची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, वाहनांचे सुटे भाग बनवते. मी 1 एप्रिल 2023 पासून पाच वर्षांसाठी पूर्णवेळ संचालक आहे. माझे 12 टक्के शेअर्स आहेत, बाकी बहुतेक चुलतभावांकडे. आता थोरले चुलतभाऊ (तेच एमडी) चाकणचं युनिट विकत आहेत आणि मला म्हणतात, "30 जून 2026 ला तू मोकळा हो." कंपनी 60 लाख देईल, युनिट घेणारी पार्टी 25 लाख देईल आणि माझी पत्नी नावापुरती संचालक आहे, तिलाही 10 लाख देऊ असं सांगतात. त्यासाठी त्यांना तारीख न टाकलेलं राजीनामापत्र हवं आहे. माझ्या करारात "मुदतीआधी काढल्यास उरलेल्या मुदतीचा पगार" असं कलम आहे. गेल्या तीन वर्षांत, म्हणजे जुलै 2023 पासून, माझा पगार वर्षाला 30 लाख, मग 36 लाख आणि शेवटच्या वर्षी कापून 24 लाख झाला. कामगारांच्या पीएफचा भरणा दोन-तीन महिने मागे आहे, तो विक्रीनंतर करू म्हणतात. घरातलंच प्रकरण आहे, भांडण नको आहे. सही करू का?
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर

नमस्कार. सही करू नका. निदान त्या कागदावर तरी नाही. तुमच्या भावांच्या मनात काळंबेरं आहे असं मी म्हणत नाही. पण तुम्ही राजीनामा दिलात की त्या 60 लाखांतला एक रुपयाही कंपनीला तुम्हाला कायद्याने देता येत नाही. त्यांची देण्याची इच्छा कितीही खरी असली तरी.

संचालकाचं पद गेल्याबद्दल भरपाई देण्याची परवानगी कंपनी कायदा 2013 च्या कलम 202 मध्ये आहे, आणि त्याच कलमात ती कधी देता येत नाही हेही लिहिलं आहे. कंपनीची पुनर्रचना किंवा दुसऱ्या कंपनीत विलीनीकरण होत असेल तर राजीनाम्याची गोष्ट निराळी. एरवी संचालकाने स्वतः राजीनामा दिला की भरपाई बंद. चाकणचं एक युनिट विकणं म्हणजे कंपनीचं विलीनीकरण नव्हे. कंपनी तिथेच राहते, तिची मालमत्ता फक्त कमी होते. त्यामुळे तुमचा राजीनामा हा साधा राजीनामाच ठरेल. यामागचा विचार सरळ आहे. भरपाई ही गमावलेल्या गोष्टीची असते, आणि स्वतःहून सोडलेलं पद कायदा गमावलेलं मानत नाही.

तारीख न टाकलेलं पत्र तर आणखी वाईट. संचालकाचा राजीनामा कंपनीने मंजूर करावा लागत नाही. कलम 168 नुसार तो कंपनीला मिळाला त्या दिवशी, किंवा पत्रात पुढची तारीख असेल तर त्या तारखेला, आपोआप लागू होतो. म्हणजे पत्र भावांच्या कपाटात असेल तर तुमचं पद कोणत्या दिवशी गेलं हे तेच ठरवणार, आणि 60 लाखांचं बोलणं तुटलं तरी पत्र त्यांच्याकडेच राहणार. घरोब्यात असे कागद सहज दिले जातात हे मला माहीत आहे. देऊ नका.

आमच्या पेशात ऐकू येणारा एक युक्तिवाद तुमच्याही कानावर येईल: "ही प्रायव्हेट कंपनी आहे, आपल्याला हे नियम नाहीत." प्रायव्हेट कंपन्यांना 2015 च्या अधिसूचनेने बऱ्याच तरतुदींतून सूट मिळाली हे खरं. युनिट विकण्यासाठी विशेष ठराव लागतो ते कलम 180 त्यांना लागू होत नाही, एमडीच्या नेमणुकीच्या काही अटीही नाहीत. पण कलम 202 ला आणि खाली सांगतो त्या कलम 191 ला अशी सूट नाही. पाच वर्षांची कमाल मुदतही सर्वांना आहे, म्हणूनच तुमची नेमणूक 31 मार्च 2028 पर्यंतची आहे.

आता तुमच्या पत्नीचं. कलम 202 ची भरपाई फक्त व्यवस्थापकीय संचालक, पूर्णवेळ संचालक आणि कायद्याच्या अर्थाने 'मॅनेजर' असलेल्या व्यक्तीला मिळू शकते. बाकी कोणत्याही संचालकाला नाही, हे त्या कलमाच्या पहिल्याच वाक्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यांना कंपनीने दिलेले 10 लाख कोणत्याही नावाखाली टिकणार नाहीत. तो विषय बोलण्यातून काढून टाका. तुमच्या रास्त मागणीवर त्याची सावली पडते.

मग तुम्हाला किती मिळू शकतात? कायद्याने कमाल मर्यादा घातली आहे आणि ती काढायची रीतही दिली आहे. पद गेलं त्या दिवसाच्या लगेच आधीच्या तीन वर्षांत तुम्ही प्रत्यक्ष कमावलेल्या मोबदल्याची सरासरी काढायची. ती सरासरी उरलेल्या मुदतीला किंवा तीन वर्षांना लावायची, दोन्हींत जे कमी असेल त्याला.

तुमचं गणित करून बघू. पद 30 जून 2026 ला गेलं असं धरलं तर मागची तीन वर्षं म्हणजे जुलै 2023 ते जून 2026. या काळात 30, 36 आणि 24 मिळून 90 लाख झाले. सरासरी वर्षाला 30 लाख, म्हणजे महिन्याला अडीच लाख. उरलेली मुदत जुलै 2026 ते मार्च 2028, म्हणजे 21 महिने. 21 महिने तीन वर्षांपेक्षा कमी आहेत, म्हणून तेच धरायचे. अडीच लाख गुणिले 21, म्हणजे 52 लाख 50 हजार. ही तुमची कमाल मर्यादा. कबूल केलेले 60 लाख तिच्यापेक्षा साडेसात लाखांनी जास्त आहेत.

इथे दोन्ही बाजूंनी चूक होते. कंपनीचा अकाउंटंट बहुधा आजचा कापलेला पगार धरेल, महिना दोन लाख, आणि 42 लाखांचा आकडा समोर ठेवेल. तुम्ही स्वतः कदाचित सर्वांत चांगलं वर्ष धराल, महिना तीन लाख, आणि 63 लाख म्हणाल. मर्यादेसाठी दोन्ही आकडे चुकीचे. शेवटच्या वर्षी पगार का कापला यावर वाद असेल तर तो वेगळा. मर्यादा प्रत्यक्ष कमाईवर ठरते, व्हायला हवी होती त्या कमाईवर नाही.

सरासरीत काय धरायचं हेही नीट पाहा. मोबदला म्हणजे केवळ हातात आलेला पगार नाही. कंपनीची गाडी, घरभाडं, अशा ज्या सवलतींना आयकर कायदा लाभ मानतो त्याही मोबदल्यात येतात. त्यामुळे तिन्ही वर्षांचे फॉर्म 16 काढून बसा. तुमच्या 12 टक्क्यांवर आलेला लाभांश, कंपनीला दिलेल्या कर्जावरचं व्याज, तुमची जागा कंपनीने घेतली असेल तर तिचं भाडं, यातलं काहीही धरायचं नाही. ते तुम्हाला भागधारक, सावकार किंवा जागामालक म्हणून मिळतं. उलट, एखाद्या महिन्याचा पगार कमावलेला आहे पण अजून मिळालेला नाही, तर माझ्या मते तो सरासरीत धरायला हवा, कारण कलमात शब्द 'कमावलेला' असा आहे. आणि तो थकीत पगार स्वतंत्रपणे तर मिळायलाच हवा.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण तो महागात पडतो. 52 लाख 50 हजार ही वरची मर्यादा आहे, तुमचा हक्काचा आकडा नाही. कलम 202 म्हणतं, कंपनी 'देऊ शकते'. देणं भाग आहे असं ते म्हणत नाही. तुमचा हक्क येतो तो करारातून. तुमच्या करारात उरलेल्या मुदतीच्या पगाराचं कलम आहे ही जमेची बाजू आहे, पण त्यातला 'पगार' कोणता ते वाचा: मूळ ठरलेला की बदलून कापलेला? आजच्या पगाराने 42 लाख होतात आणि करारात तेच लिहिलं असेल, तर मर्यादा साडेबावन्न असूनही तुमचा दावा 42 चाच राहतो. वरचे साडेदहा लाख कंपनीने खुशीने दिले तर तिला मुभा आहे, मागायचा मात्र तुम्हाला अधिकार नाही. करारात पूर्वी ठरलेला जास्त पगार असेल आणि कपातीला तुम्ही लेखी संमती दिली नसेल, तर दावा वर जाईल, पण साडेबावन्नच्या पुढे या कलमाखाली जाणार नाही.

आता खरा अवघड भाग. तुम्ही राजीनामा द्यायचा नाही, तर पद जाणार कसं? भाऊ म्हणतील, ठीक आहे, आम्ही सर्वसाधारण सभेत ठराव करून काढतो. कलम 169 नुसार त्यांना ते करता येतं. विशेष नोटीस हवी, तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं, आणि साधं बहुमत पुरतं. ते त्यांच्याकडे आहे. पण हा रस्ता दिसतो तितका सरळ नाही.

कलम 202 मध्ये भरपाई बंद होण्याच्या कारणांत आणखी एक आहे: संचालकाचं पद कलम 167(1) खाली रिकामं झालं असेल तर. ते कलम उघडून पाहिलं की अपात्रता, वर्षभर एकाही बैठकीला हजर न राहणं, गुन्ह्यात शिक्षा होणं अशी कारणं दिसतात. पण त्याच यादीत 'या कायद्यातील तरतुदींनुसार काढून टाकलेला' संचालकही आहे. शब्दशः वाचलं तर सभेने काढलेल्या संचालकालाही कंपनी कलम 202 ची भरपाई देऊ शकत नाही. आणि दुसरीकडे कलम 169 चं आठवं उपकलम सांगतं की काढून टाकलेल्या व्यक्तीचा कराराप्रमाणे मिळणाऱ्या भरपाईचा किंवा नुकसानीचा हक्क त्यामुळे जात नाही. दोन्ही वाक्यं एकाच कायद्यात आहेत.

मी त्यांचा मेळ असा घालतो. कलम 202 हे कंपनी आपणहून काय देऊ शकते याचं बंधन आहे. कलम 169(8) हे तुम्ही करारभंगाबद्दल काय मागू शकता त्याचं रक्षण आहे. म्हणजे सभेने काढलं तर तुमचा दावा मरत नाही, पण तो सामोपचाराने चेक देऊन मिटण्याऐवजी दिवाणी दाव्याकडे किंवा लवादाकडे जाण्याचा धोका वाढतो. कंपनीला काढण्याची सत्ता आहे आणि तरीही करार मोडल्याची किंमत तिला मोजावी लागते, हे तत्त्व जुनं आहे. ब्रिटनमध्ये शर्लॉ नावाच्या एका एमडीची 1933 मध्ये दहा वर्षांसाठी नेमणूक झाली होती. कंपनी दुसऱ्या समूहाच्या ताब्यात गेली, नियमावली बदलली आणि 1937 मध्ये त्याला काढलं. त्याला 12,000 पौंडांची नुकसानभरपाई मिळाली आणि 1940 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ती कायम ठेवली. भारतातही कंपनी कायदा शिकवताना हा निकाल आजवर सांगितला जातो. पण तो निकाल लागायला किती वर्षं गेली तेही पाहा.

म्हणून तुमच्यासारख्या प्रकरणात मी तिसरा मार्ग सुचवतो. 'संचालक' असणं आणि 'पूर्णवेळ संचालक' असणं या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. पगार, करार आणि पाच वर्षांची मुदत हे सगळं पूर्णवेळच्या नेमणुकीशी बांधलेलं आहे. संचालक मंडळाने कराराच्या कलमाप्रमाणे तुमची पूर्णवेळची नेमणूक मुदतीआधी संपवावी. कारण खरं आहे तेच लिहावं: चाकणचं युनिट विकल्यामुळे ते काम उरत नाही. भरपाईचा हिशेब ठरावाला जोडावा. संचालक म्हणून तुम्ही तूर्त मंडळावर राहावं, आणि पदनामातल्या बदलाचा डीआयआर-12 फॉर्म 30 दिवसांत भरावा. यात राजीनामा नाही आणि सभेने काढणंही नाही. गेलं ते भरपाईला पात्र असलेलं पद, आणि ते कंपनीने संपवलं. आधी तुमची नियमावली आणि नेमणुकीचा ठराव वाचा. सभेच्या मंजुरीने झालेली नेमणूक मंडळ संपवू शकतं का, हे त्यावर ठरेल.

मात्र ही मांडणी खरी असायला हवी. भरपाई बंद होण्याचं शेवटचं कारण असं आहे की संचालकाने स्वतःच पद जाण्याला चिथावणी दिली किंवा त्यात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष भाग घेतला. त्यामुळे "मला काढा आणि पैसे द्या" असा ईमेल किंवा व्हॉट्सअॅप संदेश पाठवू नका. तुमच्या बाबतीत प्रस्ताव भावांकडूनच आला आहे, ते त्यांनी लेखी सांगावं. ज्या बैठकीत ठराव होईल तिथे तुमचं हितसंबंध असल्याचं जाहीर करा आणि मतदान करू नका. आणि मनातून तुम्हालाच निघायचं असेल, भाऊ फक्त निमित्त असतील, तर हे सोंग करू नका. सरळ राजीनामा द्या, कमावलेलं घ्या, शेअर्सचं मूल्यांकन करून ते विका. तेही सन्मानाने बाहेर पडणंच आहे.

त्याच ठरावात आणखी एक वाक्य मागून घ्या: तुमच्या कामाबद्दल कंपनीची कोणतीही तक्रार नाही. कारण फसवणूक, विश्वासघात, ढोबळ निष्काळजीपणा किंवा ढोबळ गैरव्यवस्थापन सिद्ध झालं तर भरपाई मिळत नाही, आणि पैसे द्यायची वेळ आली की जुन्या रिजेक्शनच्या फाइली बाहेर निघतात. एखाद्या ग्राहकाचा माल परत आला किंवा एक वर्ष तोटा झाला म्हणजे ढोबळ गैरव्यवस्थापन होत नाही. पण आजच लेखी मिळालं तर उद्या तो वाद घालावा लागणार नाही.

पार्टीकडून येणाऱ्या 25 लाखांबद्दल मला जास्त काळजी वाटते. कंपनीचं युनिट किंवा त्याचा काही भाग विकला जात असताना कोणत्याही संचालकाला पद गेल्याबद्दल पैसे मिळत असतील, मग ते विकत घेणाऱ्याने दिलेले का असेनात, तर त्याचा तपशील भागधारकांसमोर मांडून सर्वसाधारण सभेची मंजुरी घ्यावी लागते. हे कलम 191. संचालकाचं नाव, रक्कम, कोणत्या घटनेमुळे ती मिळते, कोणत्या मंडळ बैठकीत शिफारस झाली, रक्कम कशी ठरवली, समर्थन काय, पैसे कसे आणि कोठून येणार, हे सगळं उघड करायचं. सभेला कोरम नसेल आणि पुढे ढकललेल्या सभेलाही झाला नाही, तर प्रस्ताव मंजूर झाला नाही असंच धरतात.

मंजुरीशिवाय पैसे घेतले, किंवा सभेत मंजुरी होण्याआधीच घेतले, तर ते तुमचे होत नाहीत. कायदा म्हणतो की ते तुम्ही कंपनीसाठी विश्वस्त म्हणून धरून आहात. म्हणजे उद्या एखादा नाराज चुलतभाऊ, किंवा त्याचा मुलगा, ती रक्कम कंपनीला परत मागायला लावू शकतो. असं का, ते सांगतो, म्हणजे तुम्हाला हे केवळ कागदी विघ्न वाटणार नाही. घेणाऱ्याच्या खिशात युनिटसाठी एकच रक्कम असते. त्यातले 25 लाख तुमच्याकडे वळले तर ते युनिटच्या किमतीतून वळले असू शकतात, आणि किंमत तर सगळ्या भागधारकांची आहे. भागधारकांना कळलं आणि त्यांनी मान्य केलं तर प्रश्न मिटतो. म्हणून 'टोकन' म्हणूनही आत्ता काही घेऊ नका.

आणि पीएफ. याच व्यवहाराला लागणाऱ्या नियमांत, कंपनी नियमावली 2014 च्या मंडळ बैठकींच्या नियम 17 मध्ये, असं आहे की कर्मचारी-कामगारांची वैधानिक देणी थकली असतील तर कंपनी एमडीला किंवा पूर्णवेळ संचालकाला पदभरपाई देऊ शकत नाही. बँकेचा हप्ता थकला असेल, ठेवी किंवा कर्जरोखे परत केले नसतील, कर थकला असेल, प्रेफरन्स शेअर्सचं देणं राहिलं असेल तरीही नाही. वादात असलेला कर किंवा वादातली कामगार-देणी तेवढी वेगळी. 'विक्रीनंतर पीएफ भरू' या बोलण्याचा क्रमच उलटा आहे. आधी पीएफ भरला जाईल, त्याची चलनं तुम्ही डोळ्यांनी पाहाल, मग तुमचा चेक. पूर्णवेळ संचालक म्हणून तो भरणा वेळेत व्हावा ही जबाबदारी आजही तुमचीसुद्धा आहे, आणि लाइनवर उभं राहणाऱ्या माणसाचा पैसा तुमच्या भरपाईच्या आधी जायलाच हवा. या अटीतून नोटिशीचा पगार आणि नेमणुकीच्या अटींप्रमाणे मिळणारी वैधानिक देणी वगळली आहेत, त्यामुळे ग्रॅच्युइटी लागू असेल तर तिला आणि नोटीस पगाराला ही आडकाठी नाही.

युनिट गेल्यावर कंपनीत काय उरतं तेही ताळेबंदात पाहा. तुमचं पद जाण्याआधी किंवा नंतरच्या बारा महिन्यांत कंपनीचं समापन सुरू झालं, आणि खर्च वजा जाता भागधारकांचं भांडवल प्रीमियमसकट परत करण्याइतकी मालमत्ता उरली नाही, तर भरपाई देता येत नाही. चाकण हेच कमाईचं युनिट असेल तर हा धोका पुस्तकी नाही. भावांना विचारा, उरलेल्या कंपनीचं पुढे काय करणार आहात. उत्तर 'बंद करू' असं असेल तर रक्कम घेण्याआधी ऑडिटरकडून हिशेब मागा.

मर्यादेवरचे साडेसात लाख आणि पत्नीचे 10 लाख यांच्यासाठी कोणीतरी 'सल्लागार फी'ची वाट सुचवेल. संचालकाने दुसऱ्या नात्याने खरोखर केलेल्या कामाचा मोबदला घ्यायला कलम 202 ची हरकत नाही. उरलेल्या युनिटच्या डायचं काम तुम्ही महिन्यातून आठ दिवस बघणार असाल, त्याचा वेगळा करार असेल आणि दर बाजारभावाचा असेल, तर जरूर करा. काम नसताना दर महिन्याला बिल फाडायचं असेल तर ती भरपाईच आहे, फक्त हप्त्यांनी दिलेली. शेअर्सच्या भावात रक्कम मिसळण्याचंही तेच. शेअर्सचं मूल्यांकन स्वतंत्र करून घ्या. तुमच्या 12 टक्क्यांची खरी किंमत या सगळ्या रकमेपेक्षा मोठी असू शकते आणि तिला कोणतंही कलम 202 लागू नाही. मला तर वाटतं तुमचं मुख्य बोलणं तिथेच व्हायला हवं.

मिळालेली भरपाई सर्वसाधारणपणे पगाराच्या उत्पन्नात धरली जाते आणि कंपनी तिच्यावर टीडीएस कापते, हे बोलणी करताना लक्षात ठेवा. साडेबावन्न लाख म्हणजे हातात साडेबावन्न नव्हेत.

भावांशी बोलायला जाताना सोबत करार, नेमणुकीचा ठराव, नियमावली, तीन फॉर्म 16 आणि वरचा हिशेब एका पानावर लिहून न्या. भांडण नको असेल तर त्यांना हेच सांगा की 60 लाखांचा चेक त्यांनाही अडचणीत आणेल, कारण तो मंजूर करणारे संचालक तेच आहेत. करार पाहिल्यावर आकडा 42 लाख निघो किंवा साडेबावन्न, तो ठरावात लिहिलेला असू द्या. ठरावाचा मसुदा सही होण्याआधी तुमच्या स्वतःच्या वकिलाला किंवा कंपनी सेक्रेटरीला दाखवा, कंपनीच्या नव्हे. आणि ते राजीनामापत्र आधीच दिलं गेलं असेल, तर आजच लेखी कळवून ते परत मागा, पोच घ्या आणि मला पुन्हा लिहा, कारण मग उत्तराचा बराच भाग बदलेल.